सितैन की तिसैन?

मोडी कागदांविषयीच्या या साप्ताहिक सदराकडे वाचकांची जी पत्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांसोबत अलीकडे एक छायाचित्र असते, आणि त्या छायाचित्राखाली अगदी थोडक्यात विचारलेले असते की यात काय लिहिले आहे. घरच्या माळ्यावरचे दप्तर सोडावे, त्यातील जीर्ण ताव खिडकीपाशी अंथरावा, मोबाइलने त्याचे चित्र घ्यावे आणि ते जाणकाराकडे रवाना करावे, ही सोय एका पिढीपूर्वी कोणालाही नव्हती, आणि तिच्यामुळे कित्येक कागद वाळवीच्या मुखातून वाचले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु संपूर्ण ताव दाखवून एका शब्दाविषयी विचारलेला प्रश्न आणि तोच शब्द नीट कातरून, खूण करून विचारलेला प्रश्न, यांच्या उत्तरांत किती अंतर पडते याचा अनुभव मला गेल्या महिन्यात आला. त्यात चूक माझ्याही हातून झाली, म्हणून तो सविस्तर सांगतो.

सातारा जिल्ह्यातील एका वाचकाने आपल्या घराण्याच्या इनामासंबंधीच्या एका कागदाचे चित्र पाठविले होते. तावाचा माथा फाटलेला, त्यामुळे कागद कोणी कोणास लिहिला हे गेलेले. खाली सुमारे पंचवीस ओळी, आणि शेवटच्या ओळीत सुहूर सन. त्यांना हवे होते ते केवळ साल. परंतु चित्रात पंचवीस ओळी समोर असल्यावर वाचणाऱ्याची दृष्टी सालावर ठरत नाही. मीही प्रथम फाटक्या माथ्याशी झटलो, मग गावाचे नाव लावण्यात गुंतलो, मग बिघे आणि पांड यांच्या हिशेबात शिरलो, आणि चार दिवसांनी जे लांबलचक उत्तर धाडले त्यात सालाविषयी एवढेच होते की आरंभी ‘सबा’ आणि शेवटी ‘मया व अलफ’ स्पष्ट आहे, मधला शब्द लागत नाही.

सुहूर सनाचे आकडे अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहीत आणि त्यांत एकक आधी येई, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. सबा म्हणजे सात, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. तेव्हा प्रश्न उरला तो दशकाच्या शब्दाचा. तो ‘सितैन’ असेल तर साठ, म्हणजे सन ११६७. ‘तिसैन’ असेल तर नव्वद, म्हणजे सन ११९७. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, या रीतीने पहिले साल १७६६-६७ ठरते आणि दुसरे १७९६-९७. पहिले असेल तर कागद थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला. दुसरे असेल तर सवाई माधवराव निवर्तून दुसऱ्या बाजीरावाच्या हाती पेशवाईची वस्त्रे येण्याच्या धामधुमीतला. तीस वर्षांचा हा फरक एकाच अक्षरावर, ‘ऐन’ या शेवटच्या उच्चारातील मात्रा ‘त’वर आहे की ‘स’वर आहे यावर, अवलंबून होता. बोरूने न उचलता लिहिलेल्या मोडीत, जेथे शिरोरेषा आधी ओळभर ओढून घेतात आणि शब्दाशब्दांत अंतर सोडीत नाहीत, तेथे असे एक अक्षर शेजाऱ्यांपासून सुटे करणे सोपे नसते.

माझे उत्तर वाचून त्या गृहस्थांनी दुसरे चित्र पाठविले, आणि या वेळी प्रश्न एका जागी राहावा म्हणून त्यांनी ते इतके आवळून कातरले की चौकटीत तेवढे एक अक्षर आणि त्याच्यामागचा ‘न’ उरला. शिवाय त्या अक्षराभोवती बोटाने तांबडे जाड वर्तुळ काढले. अक्षर मोठे आणि एकटे दिसत होते. मला वाटले, आता संशयाला जागा नाही, आणि मी ‘तिसैन’ वाचून १७९६-९७ असे कळविले. ते चुकीचे होते. वर्तुळाची रेघ अक्षराच्या डाव्या अंगावरून गेली होती आणि अक्षराचे वळण जेथे सुरू होते तो भाग तिने झाकला होता, तर वर्तुळाची वरची कमान मात्रेला चिकटली होती. ज्या खुणेने दृष्टी नेमक्या जागी यावी, तिनेच तेथला पुरावा बुजविला.

तिसऱ्या चित्राने उकल झाली, ती अशी. मी त्यांस विनंती केली की शेवटच्या ओळीचा ‘सु॥’पासून ‘अलफ’पर्यंतचा तुकडा सलग घ्यावा, वरच्या ओळीचा खालचा अर्धा भाग आणि ओळीखालची कोरी जागा त्यात राहू द्यावी, आणि खूण करायची ती अक्षरावर न करता त्या कोऱ्या जागेत, खालून वर जाणाऱ्या एका बारीक बाणाने करावी. त्याप्रमाणे आलेले चित्र पाहताच लक्षात आले की निर्णयाचे साधन त्याच ओळीत, दोन अक्षरांच्या अंतरावर होते. ‘सु॥’ आणि ‘सबा’ या दोन्ही ठिकाणी लेखकाने ‘स’ लिहिला होता, आणि ते दोन्ही निःसंशय ‘स’ होते, कारण तेथे दुसरे काही वाचताच येत नाही. त्या दोहोंशी ताडून पाहता मात्रेखालचे अक्षर मुळीच जुळेना, त्याच्या आधीचे मात्र बरोबर जुळले. शंका राहू नये म्हणून मजकुरातून ‘तर्फ’ आणि ‘तागाईत’ हे दोन शब्द त्याच मापाने कातरून मागविले. त्यांतील ‘त’ मात्रेखालच्या अक्षराशी एकरूप होता. शब्द ‘सितैन’, साल १७६६-६७.

एका हाताचे अक्षर त्याच हाताच्या निश्चित अक्षराशी ताडावे, दुसऱ्या कागदावरच्या किंवा छापील तक्त्यातल्या अक्षराशी नव्हे, हा मोडीवाचनातला जुना दंडक आहे. चित्र कातरतानाही त्याचेच भान ठेवावे लागते. संशयित अक्षर सुटे करायचे, पण त्याचे साक्षीदार चौकटीबाहेर घालवायचे नाहीत. म्हणून रुंदीत निदान मागचे-पुढचे दोन-दोन शब्द हवेत. उंचीतही हात आखडता घेऊ नये, कारण वेलांटी, मात्रा व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली असतो, आणि वरच्या ओळीतील एखाद्या अक्षराचा फर्राटा खालच्या ओळीत उतरलेला असतो. वरची अर्धी ओळ चित्रात असली तर तो फर्राटा कोठून आला ते दिसते. ती कातरून टाकली की तोच तुकडा मात्रा म्हणून वाचला जातो.

कातरायचे ते मूळ चित्रातून, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही, आणि तिचा हिशेब एकदा मांडून दाखविणे बरे. समजा, मोबाइलच्या चित्राची उंची ४००० पिक्सेल आहे आणि रुंदी ३०००, व ताव पंचवीस ओळींचा आहे. ओळीच्या वाट्याला १६० पिक्सेल येतात. हेच चित्र संदेशातून धाडताना अ‍ॅपने मोठी बाजू १६०० वर आणली, तर ओळीला ६४ उरतात, आणि त्यातील निम्मी जागा दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्टीची, म्हणजे अक्षराच्या अंगाला तीस-बत्तीस पिक्सेल. असे आक्रसलेले चित्र पुन्हा उघडून कातरले आणि ताणून मोठे केले, तरी गेलेला तपशील परत येत नाही. केवळ धुरकट चौकोन मोठे होतात, आणि दाबून साठविलेल्या चित्रात शाईच्या कडेला जी काजळी उमटते तिचा एखादा ठिपका अनुस्वार होऊन बसतो. उलट, मूळ चित्रातून अर्धी ओळ कातरली तर ती १५०० रुंद आणि वरखालच्या जागेसह ३२० उंच होते, अ‍ॅपच्या मर्यादेत बसते आणि आक्रसण्याचे कारण राहत नाही. आलेले चित्र मूळ मापाचे आहे की नाही हे मोबाइलमध्ये त्याच्या तपशिलात पिक्सेलचे आकडे पाहून कळते. शक्य तेथे ‘फोटो’ म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, आणि बाण काढलेली प्रत पीएनजी स्वरूपात जतन करावी. खूण नेहमी नकलेवर करावी. बाण काढलेले चित्र मूळ चित्रावरच साठविले आणि कागद दरम्यान परगावी भावाकडे गेला, तर पुन्हा चित्र घेण्याची सोय राहत नाही.

चित्रावर पिवळी पारदर्शक पट्टी ओढण्याची सवय पुष्कळांना आहे. छापील मजकुरावर ती चालते. दोनशे वर्षांत तपकिरी पडलेल्या शाईवर मात्र तिने शाई आणि कागद यांतला उरलासुरला भेदही मावळतो. चित्र काळेपांढरे करून देणारी स्कॅनची सोय तर मी कटाक्षाने टाळण्यास सांगतो, कारण तिच्यात फिकट रेषा नाहीशी होते आणि डाग शाईसारखा काळा होतो, आणि वाचणाऱ्यास या दोहोंचा पत्ता लागत नाही.

आणखी एका बाबतीत माझा आग्रह आहे, जरी कित्येक जाणकार मित्रांना तो मान्य नाही. आपला तर्क चित्रावर लिहू नये. त्या गृहस्थांच्या दुसऱ्या चित्रात वर्तुळाशेजारी ‘९०?’ असा आकडा होता, आणि मी ‘तिसैन’ वाचले त्यात झाकलेल्या रेषेइतकाच त्या आकड्याचाही वाटा होता हे मला कबूल केले पाहिजे. अर्धवट दिसणाऱ्या अक्षरात डोळा जे शोधीत असतो तेच त्याला सापडते. बाणाजवळ १, २ असे क्रमांक घालावेत, प्रश्न क्रमांकाने विचारावा, आणि आपले वाचन उत्तर येईपर्यंत स्वतःच्या वहीत ठेवावे.

कातरलेल्या तुकड्याबरोबर संपूर्ण तावाचे चित्र धाडणे मात्र चुकवू नये. त्यावर तुकडा कोठला आहे ते दाखविणारी एक बारीक चौकट पुरे. हस्ताक्षर कोणत्या काळाचे, शिक्का जागेवर आहे की नाही, शेवटी ‘मोर्तब सूद’ आहे की मजकूर मागाहून वाढविला आहे, कागद अस्सल की नक्कल, असे प्रश्न तुकड्यावरून सुटत नाहीत, आणि ते विचारायचे असतील तर कातरण्याच्या फंदात पडूच नये.

सातारच्या गृहस्थांचा चौथा प्रश्न परवा आला. आता त्यांना तावाच्या मध्यभागी, सातव्या ओळीत आलेले एक नाव हवे आहे, जे त्यांच्या वंशावळीत कोठेच नाही. सोबत दोन चित्रे आहेत. पहिल्यात संपूर्ण ताव आणि सातव्या ओळीवर चौकट. दुसऱ्यात अर्धी ओळ, वरखालची जागा, दोन बाण आणि १, २ हे आकडे. पहिले अक्षर ‘र’ असावे असे वाटते. पण निश्चित ‘र’ असलेले ‘सरकार’ आणि ‘बरहुकूम’ हे दोन शब्द त्याच मूळ चित्रातून कातरून मागविले आहेत, आणि ते आल्याखेरीज मी काही कळविणार नाही.