कालिकतच्या राजाचं उसनं आरमार

वर्गात वास्को द गामाचा धडा आला की मुलं हमखास विचारतात, "सर, तिथल्या राजाने त्याला हाकललं कसं नाही?" उत्तर पुस्तकात नाही. १४९८ साली कालिकतच्या सामुतिरीकडे (पुस्तकांतला झामोरिन) नायर सैनिकांची मोठी फौज होती, पण लढाऊ आरमार नव्हतं. त्याचं उत्पन्न मिरीच्या व्यापारावर, आणि तो माल नेणारी जहाजं अरब आणि स्थानिक मुसलमान व्यापाऱ्यांची. बंदर सुरक्षित आणि जकात रास्त असली की जहाजं येत. तोफांची गरज कुणाला पडली नव्हती.

पोर्तुगीजांनी तोफा आणल्या आणि परवान्याची सक्ती केली. परवाना नसेल तर जहाज जप्त. खरी मेख परवान्याच्या किमतीत नव्हती. जहाजाला त्यांच्या बंदरात जकात भरावी लागे, म्हणजे कालिकतचा माल आणि महसूल दोन्ही दुसरीकडे वळत.

यावर राजाने स्वतः जहाजं बांधत बसण्याऐवजी मरक्कार या मुसलमान व्यापारी घराण्यांना हाताशी धरलं. त्यांच्या प्रमुखाला कुंजाली हा किताब मिळाला. पोर्तुगीजांसारखी उंच जहाजं करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांच्या होड्या हलक्या, वल्ह्यांच्या. खाडीत, नदीच्या मुखात दबा धरायचा, वारा पडून मोठं जहाज अडकलं की अनेक होड्यांनी मिळून घेरायचं, आणि उथळ पाण्यात परत शिरायचं. तिथे मोठं जहाज मागे येऊ शकत नसे.

या युद्धाची मर्यादाही होती. भर समुद्रात तोफांपुढे या होड्यांचा टिकाव लागत नसे. किनाऱ्याजवळ मात्र त्यांनी शत्रूला हैराण केलं. कालिकतच्या दक्षिणेला चालियमचा पोर्तुगीज किल्ला १५३१ पासून राजाच्या नरड्यावर बसला होता. १५७१ मध्ये वेढा घालून तो घेतला आणि पाडून टाकला.

आता अवघड भाग. आरमार राजाचं, पण होड्या, माणसं आणि पुढे पुदुपट्टणमचा किल्लाही मरक्कारांचा. चौथा कुंजाली स्वतःला राजासारखा मिरवू लागला; सामुतिरीच्या हत्तीची शेपटी कापल्याची कथाही सांगतात. शेवटी राजाने पोर्तुगीजांशीच हातमिळवणी केली. १५९९ चा हल्ला फसला. १६०० च्या मार्चमध्ये जीवदानाच्या वचनावर कुंजाली राजाला शरण आला, आणि पोर्तुगीजांनी त्याला तिथेच धरलं. गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला.

आपल्यातले काही जण याला 'हिंदू राजाने मुसलमानाचा केलेला घात' म्हणतात. मला ते पटत नाही. याच राजघराण्याने शतकभर मरक्कारांवर विश्वास टाकला होता, आणि मरक्कार त्याच्यासाठी मेले होते. भांडण धर्माचं नव्हतं, समुद्रावर हुकूम कुणाचा याचं होतं. राजाने हुकूम परत मिळवला, पण तो चालवायला आरमारच उरलं नाही.

मुंबईत कुलाब्याला नौदलाचं 'आयएनएस कुंजाली' आहे. पुढच्या वेळी धडा आला की मुलांना तिथूनच सुरुवात करून सांगेन.