विश्लेषण : पाच रुपयांच्या पुड्यात नवख्याला जागा आहे का? पाच बलांचे प्रारूप काय सांगते?

कोणत्याही किराणा दुकानासमोर उभे राहिले की आधी दिसतात त्या वेफर्स, शेव, कुरकुरीत नळ्यांच्या पुड्यांच्या रंगीत माळा. २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने हल्दीरामच्या स्नॅक्स व्यवसायात हिस्सा घेतला. त्याआधी बिकाजी आणि गोपाल स्नॅक्स या कंपन्या शेअर बाजारात उतरल्या. हे पाहून अनेकांना वाटते, की हा धंदा वाढतो आहे, आपणही उतरावे. पण वाढणारी बाजारपेठ आणि नफा देणारी बाजारपेठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक ओळखण्यासाठी मायकेल पोर्टर यांचे पाच बलांचे प्रारूप आजही उपयोगी पडते.

पाच बलांचे प्रारूप म्हणजे काय?

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ही मांडणी केली. एखाद्या उद्योगातला नफा केवळ स्पर्धक कंपन्याच वाटून घेत नाहीत. नव्याने येणारे, ग्राहक, पुरवठादार आणि पर्यायी वस्तू हेही त्यावर हक्क सांगतात. जुन्या खेळाडूंमधली चढाओढ धरून ही पाच बले होतात. ती जितकी जोरकस, तितका उद्योगात उरणारा नफा कमी. बाजारपेठेचा आकार आणि वाढीचा वेग या पाचांत येत नाहीत, आणि वाढ म्हणजे आकर्षकता नव्हे, असे पोर्टर यांनी २००८ च्या लेखात स्पष्ट बजावले होते.

उतरणे सोपे की अवघड?

शेव-चिवड्याचा कारखाना काढणे फार अवघड नाही. बेसन, तेल, कढई, पॅकिंगचे यंत्र आणि अन्नसुरक्षा परवाना एवढ्यावर सुरुवात होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानही मिळू शकते. म्हणजे माल बनवण्याच्या दाराला कडी नाही. पण दार जसे तुम्हाला उघडे आहे, तसेच शेजारच्या गावातल्या दहा जणांनाही आहे.

खरी कडी दुसऱ्या दाराला आहे, ती म्हणजे माल दुकानापर्यंत नेण्याच्या. आयटीसीने २००७ मध्ये ‘बिंगो’ आणले, तेव्हा लेज आणि कुरकुरे आधीच रुजलेले होते. तरीही बिंगो टिकले, कारण सिगारेटच्या विक्रीमुळे पानाच्या टपरीपर्यंत पोहोचणारी साखळी आयटीसीकडे तयार होती. राजकोटच्या बालाजी वेफर्सने उलटी वाट धरली. चित्रपटगृहाच्या उपाहारगृहातून सुरुवात करून आधी आपल्याच भागात पाय रोवले आणि मग शेजारच्या राज्यांत पाऊल टाकले. दोघांचे मार्ग वेगळे असले, तरी दोघांनीही वितरणाचा प्रश्न आधी सोडवला होता.

ग्राहक नेमका कोण?

नवउद्योजकाची पहिली चूक इथे होते. तो खाणाऱ्याला ग्राहक समजतो. पण कारखान्याचा माल आधी वितरक विकत घेतो आणि मग दुकानदार. दुकानासमोर माळा टांगायला खिळे मोजकेच असतात. ओळखीचा पुडा दिवसभरात आपोआप संपतो, नव्या पुड्याची मात्र दुकानदाराला शिफारस करावी लागते. म्हणून तो जास्त मार्जिन मागतो, माल उधारीवर घेतो आणि मुदत संपलेले पुडे परत देतो. खाणाऱ्यालाही नव्या पुड्यावरून जुन्यावर परत जायला काही खर्च येत नाही. या धंद्यात ग्राहकाचे बल दोन्ही टोकांना भारी आहे.

पुरवठादार किती जड?

बेसन, मीठ, मसाला विकणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे एकेकट्या व्यापाऱ्याचा दबाव फारसा नाही. तेलाची गोष्ट वेगळी. भारत खाद्यतेलाचा मोठा भाग आयात करतो आणि पामतेल प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशियातून येते. इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. मोठी कंपनी आगाऊ खरेदी करून असा धक्का पुढे ढकलते. आठवड्याला चार डबे घेणाऱ्याला तो त्याच आठवड्यात बसतो.

बटाट्याच्या वेफर्समध्ये अडचण आणखी खोल आहे. बाजारातला खाण्याचा बटाटा शीतगृहात फार थंड ठेवला की त्यातली साखर वाढते आणि तळल्यावर काप तपकिरी पडतात. त्यासाठी कोरडा अंश जास्त आणि साखर कमी असलेल्या खास जाती लागतात. मोठ्या कंपन्या त्या करारशेतीतून मिळवतात. एक किलो वेफर्सना साधारण चार किलो बटाटा लागतो, त्यामुळे चुकीची गोणी घेतली तर नुकसानही चौपट माल वाया जाण्याचे असते.

सहसा लक्षात न येणारा पुरवठादार म्हणजे छापील फिल्म बनवणारा. प्रत्येक चवीसाठी छपाईचे वेगळे सिलिंडर लागतात आणि ठरावीक किमान वजनाचा रोल घ्यावाच लागतो. सहा चवी काढल्या तर भांडवल फिल्मच्या रोलमध्ये अडकते. वजन किंवा लेबलवरचा मजकूर बदलायची वेळ आली की तो रोल जवळजवळ रद्दी होतो.

पर्याय आणि चढाओढ?

पुड्यातल्या शेवेला पर्याय केवळ दुसरी शेव नाही. त्याच पाच रुपयांत बिस्किटाचा पुडा येतो, चॉकलेट येते. कोपऱ्यावर गरम भजी आणि वडापाव असतो, मिठाईच्या दुकानात डोळ्यांदेखत तळलेला सुटा फरसाण मिळतो.

चढाओढीचे स्वरूप तर विलक्षण आहे. पाच आणि दहा रुपयांची किंमत जणू दगडावर कोरलेली आहे, ती सहा रुपये करता येत नाही. म्हणून लढाई वजनावर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वेष्टनबंद नमकीन आणि भुजियावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पाचच्या पुड्याची किंमत काही पैशांनी उतरवणे व्यवहार्य नव्हते, त्यामुळे कंपन्यांनी पुड्यातला माल वाढवून हा लाभ दिला. म्हणजे करातली सवलत बव्हंशी खाणाऱ्याकडे गेली, आणि वजन वाढवणाऱ्यांच्या शेजारी टिकायचे तर नवख्यालाही तेच करणे भाग पडले.

हिशेब काय सांगतो?

समजा, एखादा उद्योजक १८ ग्रॅम शेवेचा पाच रुपयांचा पुडा काढतो. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपल्या भावांनुसार ते बदलावेत, पण रीत हीच ठेवावी.

पाच रुपयांत कर सुमारे २४ पैसे. दुकानदाराचे ५५ पैसे, वितरक आणि सुपर स्टॉकिस्टचे मिळून ३५ पैसे. कारखान्याच्या हाती आले ३ रुपये ८६ पैसे. शेवेचा कच्चा माल १२० रुपये किलो धरला तर १८ ग्रॅमचे २ रुपये १६ पैसे. फिल्म आणि पॅकिंग ४५ पैसे, वाहतूक आणि परत आलेला माल ३५ पैसे, मजुरी, इंधन व वीज ४५ पैसे. उरले ४५ पैसे. यातून कर्जाचे व्याज, यंत्राची झीज, जाहिरात आणि मालकाचा पगार निघायचा आहे. महिन्याला एक लाख पुडे, म्हणजे १,८०० किलो शेव विकली तरी हाती ४५ हजार रुपये.

आता यावर बले लावून पाहू. शेवेत तेल ३० टक्के धरले तर पुड्यात ५.४ ग्रॅम तेल जाते. तेल किलोला ३० रुपयांनी महागले की पुड्यामागे १६ पैसे जातात. उरले २९. दुकानदाराने नव्या मालासाठी ५५ ऐवजी ७० पैसे मागितले की आणखी १५ गेले. उरले १४. त्याच सुमारास शेजारच्या ब्रँडने पुडा १८ वरून २० ग्रॅमचा केला आणि आपणही केला, तर वाढीव दोन ग्रॅमचे जुन्या भावानेच २४ पैसे लागतात. म्हणजे आता पुड्यामागे १० पैसे तोटा. यातली एकही घटना अपवादात्मक नाही, आणि तिन्ही वेळा उद्योजकाच्या हाती काहीच नव्हते.

मग उतरूच नये का?

या प्रारूपाचा सगळ्यात मोठा उपयोग, आणि त्यातली सगळ्यात सामान्य चूकही, बाजारपेठेची सीमा ठरवण्यात आहे. ‘वेष्टनबंद स्नॅक्स’ ही एकच बाजारपेठ मानली तर उत्तर चुकते. पाच रुपयांची माळ ही एक बाजारपेठ आहे. पुण्याची बाकरवडी, नाशिकचा चिवडा, सोलापूरची शेंगदाण्याची चटणी यांची पाव किलोची पाकिटे ही दुसरी. तिथे गिऱ्हाईक नाव सांगून माल मागते, किंमत पाच-दहाच्या खिळ्याला बांधलेली नसते, आणि स्वतःच्या दुकानातून किंवा थेट घरपोच विकल्यास वितरक व दुकानदाराचा वाटा वाचतो. चितळे बंधूंची बाकरवडी आधी दुकानाच्या काउंटरवर मोठी झाली. ही जागाही सुरक्षित नाही. पदार्थाची नक्कल होते, आणि काउंटरचे भाडे व घरपोच पाठवण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो. पण तिथे चवीतल्या फरकाचे पैसे मिळतात.

प्रारूपाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ते उद्योगाची सरासरी तब्येत सांगते, एखाद्या कंपनीचे भविष्य नव्हे. बालाजीने अवघड बाजारातही मोठे घर बांधले. शिवाय हे त्या क्षणाचे चित्र असते. कर, आयात शुल्क किंवा दहा मिनिटांत माल पोहोचवणारी ॲप आली की बले बदलतात, म्हणून तपासणी वर्षाकाठी पुन्हा करावी लागते.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे आधीपासून वितरणाची साखळी नाही, त्याने पाच रुपयांच्या माळेत उतरू नये, अनुदान मिळत असले तरीही. अनुदान यंत्राची किंमत कमी करते, दुकानदाराचा खिळा मिळवून देत नाही. उतरायचेच असेल तर यंत्राची ऑर्डर देण्याआधी एक चाचणी करावी. आपल्या तालुक्यातल्या वीस दुकानांत रोखीने माल द्यावा आणि महिनाभर थांबावे. किती दुकानदारांनी मागे न लागता, रोख मोजून, दुसऱ्यांदा माल मागवला? पाचही बलांचे उत्तर त्या एका आकड्यात बरेचसे सापडते.