दवाखान्याच्या भिंतीवरील चार ओळी



दंतवैद्याच्या दवाखान्यात बाकावर वाट पाहत बसलेला माणूस भिंतीवरील चित्रे पाहतो आणि त्यांखालच्या ओळी वाचतो. लोकांचे गैरसमज दूर करावेत म्हणून त्या लिहिलेल्या असतात. आमचे मत असे की, त्या ओळींनी रुग्णाला भिववू नये आणि बरे करण्याची हमीही देऊ नये. ज्याला भीती वाटते तो दुखणे लपवतो, आणि ज्याची हमी खोटी ठरते तो परत येत नाही.

आपल्या बालाघाटकडे रुळलेला एक समज घेऊ : दात साफ करून घेतले की ते हलू लागतात. हा समज अनुभवातूनच आलेला आहे, म्हणून त्याला नुसते हसून चालत नाही. दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही, तर तो लाळेतील क्षारांनी कडक होतो आणि त्याचे कीटण बनते. कीटणाच्या काठाने हिरडी सुजते, रक्त येते, आणि पुष्कळांच्या बाबतीत दाताला धरून ठेवणारे हाडही हळूहळू झिजते. कुंपणाच्या खांबाच्या बुडाची माती वाहून गेली, तरी भोवती वाढलेल्या वेलींच्या जाळ्यामुळे खांब उभा दिसतो. वेल कापला की खांब डुलतो, म्हणून दोष कोयत्याला देता येईल काय? कीटणाचेही तसेच आहे. ते निघाल्यावर फटी दिसतात, सुजलेली हिरडी बसते, आणि आधीच सैल झालेला दात आता जाणवतो.

या चित्राखाली कोणी लिहितो, ‘आजच सफाई करा, नाहीतर सारे दात पडतील.’ दुसरा लिहितो, ‘एका सफाईत हलणारे दात घट्ट.’ दोन्ही असत्य आहेत. आम्ही असे लिहू :

‘सफाईने दात सैल होत नाहीत. कीटणाखाली झिजलेले हाड कीटण निघाल्यावर लक्षात येते. काही दिवस थंड पाणी झिणझिणेल. हिरड्यांतून येणारे रक्त बहुधा कमी होईल. गेलेले हाड सफाईने परत येत नाही, उरलेले टिकण्यास मदत होते. तुमचे हाड किती उरले आहे, ते तपासूनच सांगता येईल.’

येथे खरी गोष्ट पहिल्या ओळीत आहे. पुष्कळ ठिकाणी गैरसमजच ठळक अक्षरांत लिहितात आणि उत्तर खाली बारीक अक्षरांत देतात. दुरून पाहणारा ठळक ओळ तेवढी वाचतो आणि तोच समज पक्का करून घरी जातो.

गुडाखूचे चित्र अधिक कठीण आहे, कारण तेथे धोका खरा आहे. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काकवी यांचा लगदा. तो हिरड्यांवर घासला की थोडा वेळ बरे वाटते, म्हणून लोक त्याला दातदुखीचे औषध समजतात. पण दाताची कीड जागच्या जागी राहते आणि तंबाखूची सवय जडते. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास 1992 मध्ये सरकारने बंदी केली. गुडाखू मात्र अजून घरोघरी दिसतो.

तंबाखूच्या पुड्यांवर 2009 पासून रोगाची चित्रे छापली जातात. ती घेणाऱ्याचा हात थांबवण्यासाठी आहेत, आणि पुड्यावर ती असावीत. दवाखान्यात आलेला माणूस मात्र आधीच धीर करून आलेला असतो. त्याला तेच भयंकर तोंड पुन्हा दाखवले, तर तो तोंड उघडण्याऐवजी सवय नाकारतो. म्हणून तेथे लिहावे :

‘गुडाखूने कीड बरी होत नाही. त्यातील तंबाखूने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न गेलेला पांढरा वा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काही असेल तर दाखवा. असा प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. गुडाखू लावत असाल तर सांगा, येथे कोणी रागावणार नाही.’

कर्करोगाचे नाव गाळणे ही दया नव्हे. धोका जेवढा आहे तेवढा सांगावा, आणि लगेच पुढचे पाऊल सांगावे.

ओळ नीट लिहिली गेली की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. ती मराठीत आणि हिंदीत लिहावी आणि वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवावी. मग विचारावे, ‘आता घरी गेल्यावर काय कराल?’ उत्तर आले, ‘मला भीती वाटते,’ किंवा ‘आता दात घट्ट होतील,’ तर ती ओळ पुसून पुन्हा लिहावी. उत्तर आले, ‘आईच्या गालातला चट्टा महिन्याभराचा आहे, तिला बुधवारी घेऊन येतो,’ तर ती तशीच राहू द्यावी.