आईस चार ओळी

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला कीं आमच्या चिंचवडांतील फुलांच्या दुकानांपुढें तांबड्या कागदांत गुंडाळलेले गुच्छ दिसूं लागतात. हा मातृदिन अमेरिकेंतून आला. ॲना जार्व्हिस या बाईंनीं आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ १९०८ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेस ग्राफ्टन या गांवच्या चर्चमध्यें तो करविला, आणि १९१४ सालीं अध्यक्ष विल्सन यांनीं त्यास सरकारी मान्यता दिली. पुढें याच बाई फुलांच्या व छापील कार्डांच्या व्यापाऱ्यांशीं वर्षानुवर्षें भांडल्या, ही गोष्ट मात्र थोड्यांस ठाऊक असते. आईला स्वतःच्या हातानें दोन ओळी लिहिण्याचा आळस येतो म्हणून मनुष्य छापील कार्ड धाडतो, असा त्यांचा आक्षेप होता.

आपल्याकडेही आईचा दिवस आहेच. श्रावणांतील पिठोरी अमावास्येस पूजा झाल्यावर आई वाण डोक्यावर धरते आणि मागें न पाहतां विचारते, "अतीत कोण?" मागें उभा असलेला मुलगा म्हणतो, "मी", आणि वाण घेतो. स्तुति नाहीं, आभार नाहींत. ज्या आईला गाजावाजा खपत नाहीं, तिला कांहीं लिहावयाचें झाल्यास तें या "मी" इतकेंच आटोपशीर असावें, असें आम्हांस वाटतें. या संबंधीं गतवर्षीं घडलेली एक हकीकत वाचकांस सांगतों.

आमचा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यांत कामास आहे. वय चाळिशीच्या पुढें. घरांत पत्नी, दोन मुलें, आणि शहात्तर वर्षांची आई. मातृदिनाच्या आठवडाभर आधीं तो एक कागद घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, एवढें शुद्ध करून द्या. यंदा चुकून चालणार नाहीं."

चूक आदल्या वर्षीं झाली होती. त्यानें केक आणविला, शेजारच्या मंडळींस बोलाविलें, आईच्या गळ्यांत हार घालून छायाचित्रें काढविलीं. आईनें केकची किंमत विचारली, तो शेजारच्या मुलांस वांटून टाकला, आणि ती जी स्वयंपाकघरांत गेली ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाहीं. पुढें दोन दिवस मुलाशीं मोजकेंच बोलली. मुलास वाटलें, आईस आपली माया कळली नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या पिढींतील बायकांस चारचौघांत मुलाची माया मिरविली कीं दृष्ट लागेल अशी धास्ती वाटते. आणि आभार मानावयाचे ते परक्याचे, घरच्या माणसाचे आभार मानणें म्हणजे त्याला परकें करणें, असा त्यांचा हिशेब असतो. तो हिशेब अगदींच चुकीचा आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं.

आम्हीं कागद वाचूं लागलों. आरंभींच "तीर्थस्वरूप मातोश्रींस" असें होतें. जन्मदात्या आईबापांस "तीर्थरूप" लिहावें, त्यांच्या ठिकाणीं असलेल्या चुलत्या-मावश्यांस "तीर्थस्वरूप", हें आम्हीं त्याला शाळेंत शिकविलें होतें. परंतु तें दुरुस्त न करतां आम्हीं विचारलें, "घरीं तूं तिला काय म्हणतोस?" तो म्हणाला, "आई." "मग तेंच लिही. ज्या हांकेला ती चाळीस वर्षें ओ देत आली, ती हांक सोडून नवी कशाला?"

पुढें वात्सल्यसिंधु, त्यागमूर्ति अशीं विशेषणें होतीं. तीं कोणाच्याही आईस लागू पडलीं असतीं, म्हणून आम्हीं खोडलीं. शेवटीं "तुझ्या उपकारांची फेड मी या जन्मीं कशी करूं?" असें वाक्य होतें. त्यावर आम्हीं त्याला सांगितलें, "आपल्या शास्त्रांत मनुष्य देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें म्हटलें आहे, आणि तीं फेडण्याचे मार्गही दिले आहेत. आईचें असें निराळें ऋण त्या तिहींत मोजलेलें नाहीं. फेडींची भाषा तिच्यापाशीं बोलूंच नये."

कागदावर आतां कांहींच उरलें नाहीं. तेव्हां आम्हीं त्याला एकच प्रश्न केला: "तिनें तुझ्यासाठीं केलेली अशी एक गोष्ट सांग, कीं जी तुला ठाऊक आहे हें तिला ठाऊक नाहीं."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, दुसरी पाळी असली म्हणजे मी रात्रीं बारानंतर निघतों. कंपनीची बस मोशी, भोसरी करीत चिंचवडास येईपर्यंत एक वाजतो. गल्लीच्या तोंडाशीं आलों कीं ओट्यावरचा दिवा लागलेला दिसतो. मी फाटकाची कडी काढली कीं तो मालवतो. आंत येतों तों आई भिंतीकडे तोंड करून निजलेली असते. अकरा वर्षें झालीं. मी कधीं बोललों नाहीं, तिनेंही दाखविलें नाहीं."

आम्ही म्हटलें, "हेंच लिही. तिच्या उपयोगाचीही एक ओळ घाल, म्हणजे चिठ्ठी वाचून तिला संकोचून बसावें लागणार नाहीं. आणि उत्तर मागूं नकोस." जूनपासून त्याची नेमणूक दिवसपाळीस व्हावयाची होती. ही गोष्ट सांगण्याची वेळही त्याबरोबर निघून गेली असती. त्यानें आमच्या टेबलाशीं बसूनच लिहिलें:

"आई, रात्रीं ओट्यावरचा दिवा तूं लावून ठेवतेस आणि कडी वाजली कीं मालवतेस, हें मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तो दिसला कीं बरें वाटतें. जूनपासून मला दिवसपाळी आहे, संध्याकाळीं सातच्या आंत घरीं येईन. आतां लवकर नीज. डबा घांसूं नकोस, मी घांसून ठेवला आहे."

चिठ्ठी द्यावयाची कशी, हाही प्रश्न होताच. हातीं दिली तर ती सर्वांदेखत वाचावी लागणार. त्याचा डबा आई रोज सकाळीं स्वतः उघडते, म्हणून शनिवारच्या पाळीहून परतल्यावर त्यानें डबा घांसला, कोरडा केला आणि चिठ्ठी आंत ठेवून झांकण लावलें. रविवार उजाडावयाचा होता.

सकाळीं आई कांहीं बोलली नाहीं. दुपारीं जेवतांना ताट वाढीत ती एवढेंच म्हणाली, "डब्याच्या कडेला तेल राहिलें होतें. आणि दिवा मी विजेचें बिल वाढेल म्हणून मालवीत होतें." सूनबाईंस या बोलण्याचा अर्थ कळला नाहीं, मुलास कळला. चिठ्ठीचें पुढें काय झालें, हें त्यानें विचारलें नाहीं, आणि तें योग्यच केलें.

जून महिन्यांत तो पुन्हा आमच्याकडे आला होता. दिवसपाळीच्या पहिल्या दिवशीं तो पावणेसातास गल्लीच्या तोंडाशीं आला. अद्याप लख्ख उजेड होता, मुलें रस्त्यावर खेळत होतीं, आणि ओट्यावरचा दिवा लागलेला होता. त्यानें कडी काढली. या वेळीं तो मालवला नाहीं. आई ओट्यावर पोळीचें पीठ चाळीत बसली होती, तिनें मान वर न करतां विचारलें, "कोण?"

तो म्हणाला, "मी."