‘मुक्त’ विद्यापीठ आणि अर्जातील तीन रकाने

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना 1989 मध्ये नाशिक येथे झाली. ज्यांना वयाने, गरिबीने वा संसाराने महाविद्यालयाच्या दारातून परत पाठविले, त्यांच्यापर्यंत विद्यापीठानेच जावे, हा त्यामागील विचार होता. तो विचार थोर होता यात शंका नाही. परंतु संस्थेच्या नावात ‘मुक्त’ हा शब्द असल्याने तिचे दार आपोआप उघडे राहत नाही. ते कोणासाठी उघडेल आणि कोणासाठी मिटेल याचा निर्णय प्रवेश अर्जातील तीन रकान्यांत होतो. पूर्वीची शैक्षणिक अर्हता, अभ्यासकेंद्राची निवड आणि शुल्काचा भरणा हे ते तीन रकाने. या तिन्ही ठिकाणी व्यवस्थेने करावयाचे काम अर्जदाराच्या माथी मारले गेले आहे.

उदाहरणादाखल इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरणारी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. ती माहेरी दहावी उत्तीर्ण झाली, अकरावीत शाळा सुटली आणि लग्न होऊन ती येथे आली. आता तिला मराठी माध्यमातून बी.ए. करावयाचे आहे. अर्जात पहिलाच प्रश्न येतो तो बारावीचा. मुक्त विद्यापीठांनी बारावी नसलेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रमाची वाट काढली होती आणि तिने अनेकांना पदवीपर्यंत नेले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ही पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. ती विद्यापीठाच्या वर्गात नेते. ज्या नोकरीच्या जाहिरातीत बारावीची अट असते, तेथे तिचा उपयोग होत नाही. पायऱ्या गाळून मिळविलेल्या पदव्यांचे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या अण्णामलै विद्यापीठ प्रकरणातील निकालाने दाखवून दिले. प्रथम पदवी न घेता मुक्त पद्धतीने मिळविलेली पदव्युत्तर पदवी त्या खटल्यातील पदासाठी ग्राह्य धरली गेली नाही. पदवी देणारी संस्था अबाधित राहिली. पद गमावले ते पदवीधराने.

म्हणून नोकरी वा बढती हे उद्दिष्ट असणाऱ्या अर्जदाराला कार्यकर्त्याने स्पष्ट सांगावे की, आधी राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून बारावीची परीक्षा खाजगीरीत्या द्यावी आणि मग पदवीकडे वळावे. या अर्जाची मुदत सामान्यतः पावसाळ्यातच संपते. ती चुकली की वर्ष गेले. केवळ ज्ञानाच्या ओढीने शिकणाऱ्याला पूर्वतयारीची वाट पुरेशी आहे. मात्र ती वाट त्या वर्षी त्या शिक्षणक्रमाला लागू आहे की नाही, हे त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावे, कुणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. हा फरक माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापण्यास विद्यापीठांना कोणती अडचण आहे?

याच रकान्यात दुसरा एक काटा दडलेला असतो. 2024 पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा डी.ई.बी. क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो ए.बी.सी. क्रमांकावरून मिळतो आणि ए.बी.सी. क्रमांकाचा धागा आधारपत्राशी जोडलेला असतो. उपरोक्त स्त्रीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव आहे, तर आधारपत्रावर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. महाराष्ट्रात विवाहाबरोबर स्त्रीचे मधले नावही बदलते, ही गोष्ट ज्याने हा रकाना आखला त्याच्या गावीही नसावी. नावे जुळली नाहीत तर अर्ज पडताळणीत अडकतो आणि विवाहनोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र वा राजपत्रातील नावबदल यांच्यासाठी फेऱ्या सुरू होतात. अशा फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. कार्यकर्त्यांनी अर्ज उघडण्यापूर्वीच गुणपत्रिका व आधारपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि विवाहाचा दाखला आधीच हाताशी घ्यावा.

दुसरा रकाना अभ्यासकेंद्राचा. अर्जात आधी शिक्षणक्रम निवडावा लागतो आणि त्यानंतरच तो शिक्षणक्रम चालविणाऱ्या केंद्रांची यादी समोर येते. घराशेजारच्या महाविद्यालयावर विद्यापीठाची पाटी असली तरी तेथे इच्छित शिक्षणक्रम असेलच असे नाही. यादीत नाव दिसते. पण त्या विषयाचा समंत्रक आहे काय, संपर्कसत्रे खरोखर होतात काय, ती कोणत्या वारी व कोणत्या वेळी होतात, हे यादी सांगत नाही. ज्या कामगाराची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, त्याला रविवारची संपर्कसत्रे असून नसल्यासारखीच. परीक्षाकेंद्रही अभ्यासकेंद्रातच असेल असे गृहीत धरू नये. हे प्रश्न केंद्रावर समक्ष जाऊन विचारावेत आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही विचारावेत. उत्तर टाळले गेले तर त्याच तालुक्यातील दुसरे केंद्र पाहावे. ‘प्रवेश करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानाला तर अभ्यासकेंद्र समजूच नये. दूरशिक्षणाच्या नियमांनुसार अशी केंद्रे मक्तेदारीने चालविण्यास बंदी आहे.

तिसरा रकाना शुल्काचा, आणि खरी फसगत येथेच होते. सार्वजनिक मुक्त विद्यापीठांत ‘हप्ता’ म्हणजे बहुधा वर्षाचे वा सत्राचे शुल्क एकरकमी भरणे. ज्याला आठवड्याला पगार मिळतो त्याच्यासाठी हा हप्ता नव्हे. ही पोकळी ओळखूनच काही खाजगी विद्यापीठे ‘बिनव्याजी मासिक हप्ते’ पुढे करतात. प्रत्यक्षात ते एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि ऋणको विद्यार्थी असतो.

समजा, वर्षाचे शुल्क 30,000 रुपये आहे. दरमहा 2,500 रुपयांचे बारा हप्ते ठरले आणि ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून 1,500 रुपये आरंभीच घेतले. बारा हप्त्यांची बेरीज 30,000 च होते, म्हणून व्याज नाही असे भासते. पण विद्यार्थ्याला प्रत्यक्षात 28,500 रुपयांचाच आधार मिळाला आणि फेड मात्र 30,000 ची करावयाची आहे. हिशेब केला तर दर साल साडेनऊ टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. प्रक्रिया शुल्कावरील कर त्याहून निराळा. त्यातून तीन हप्त्यांनंतर कारखाना बंद पडून शिक्षण सुटले, तर उरलेल्या 22,500 रुपयांचा तगादा सुटत नाही, कारण करार विद्यापीठाशी नसून सावकाराशी झालेला असतो. सही करण्यापूर्वी कर्जाचे मुख्य तथ्यपत्रक मागून त्यातील वार्षिक दर वाचावा. ते देण्यास टाळाटाळ झाली तर तेथून उठून यावे.

बी.ए.चे शुल्क मासिक हप्त्यांत, कोणत्याही वित्तसंस्थेच्या मध्यस्थीविना, स्वीकारणे सार्वजनिक विद्यापीठाला अशक्य आहे काय? वीजमंडळे थकबाकीचे हप्ते बांधून देतात, पतपेढ्या हप्त्यांवरच चालतात. मग विद्यापीठाच्या हिशेबखात्यालाच ही विद्या अवगत नसावी, हे पटण्याजोगे नाही. हप्ते स्वतः घ्यावेत, केंद्रांच्या यादीत समंत्रकांची संख्या आणि सत्रांचे वार छापावेत, विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव साध्या स्वयंघोषणेवर मान्य करावे, या मागण्यांना नवा कायदा लागत नाही. त्या मान्य होईपर्यंत ‘मुक्त’ हे विशेषण विद्यापीठाने उसने घेतलेले आहे, असेच समजावे लागेल. आणि तोपर्यंत प्रवेशाच्या हंगामात कामगार वस्तीत दोन संध्याकाळी अर्जाचे टेबल मांडून बसणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.