‘साडेदहा तास मागे’ हे पाठ करू नका, फोनमध्ये शहर लावा
परदेशातल्या नातेवाइकांना फोन करण्याचा हिशोब वर्षातून दोनदा का चुकतो? वर्ल्ड क्लॉक नेमकं काय करतं, कुठे फसतं आणि घरच्यांनी काय ठरवून घ्यावं?

घरातलं कुणी परदेशात गेलं की मागे राहिलेल्यांच्या तोंडी एक आकडा बसतो. दुबई म्हणजे दीड तास मागे, लंडन म्हणजे साडेपाच, अमेरिका म्हणजे साडेदहा. दुबईपुरता हा आकडा बाराही महिने बरोबर असतो. लंडन आणि अमेरिकेच्या बाबतीत मात्र तो वर्षातले काही महिने चुकीचा ठरतो. आणि चूक कळते ती समोरच्याची झोपमोड झाल्यावर किंवा फोन वाजून वाजून बंद झाल्यावर. म्हणून आकडा पाठ करण्याची सवय सोडून फोनमध्ये शहर लावावं, आणि फोनची वेळ आपल्या नव्हे तर तिकडच्या घड्याळावर ठरवावी.

काटा नेमका कुठे सरकतो?

अमेरिकेचा बहुतांश भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते मागे आणतो. यालाच डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात. ब्रिटन आणि युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न आणि सिडनीचं घड्याळ ऑक्टोबरमध्ये पुढे जातं आणि एप्रिलमध्ये मागे येतं, पण त्याच देशातलं ब्रिस्बेन काहीच बदलत नाही. आखाती देशांत, म्हणजे दुबई, रियाध, दोहा, कुवेत इथेही बदल नाही.

भारताचं घड्याळ सध्या स्थिर असलं तरी ही भानगड आपल्याला अगदीच नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ दरम्यान, भारतातली घड्याळंही एक तास पुढे चालत होती. पुढे तो प्रकार बंद झाला. त्यामुळे आज फरक बदलतो तो फक्त त्यांच्या बाजूने, आणि आपल्या भिंतीवरच्या घड्याळात त्याची काहीच खूण दिसत नाही.

भाऊबीजेचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादची बहीण आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसला असलेला भाऊ. उन्हाळ्यात डॅलस भारताच्या साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. भावाला सकाळी आठची वेळ सोयीची आहे. म्हणजे उन्हाळ्यात बहिणीने संध्याकाळी साडेसहाला फोन लावायचा.

आता २०२४ ची दिवाळी पाहा. पाडवा होता शनिवारी, २ नोव्हेंबरला. त्या दिवशी हसनाबादला साडेसहा वाजले तेव्हा डॅलसला सकाळचे आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी ३ नोव्हेंबरला भाऊबीज. नेमक्या त्याच पहाटे दोन वाजता डॅलसचं घड्याळ एक तास मागे गेलं. त्या वेळी आपल्याकडे रविवार दुपारचे साडेबारा झाले होते. त्यामुळे बहिणीने ओवाळणीचं ताट तयार करून आदल्या दिवसासारखाच साडेसहाला व्हिडिओ कॉल लावला असता, तर तिकडे सातच वाजलेले असते. आठ गाठायचे तर साडेसात हवे होते. एका रात्रीत फरक पडला, आणि दोघांपैकी कुणीही काही विसरलेलं नव्हतं.

मार्चमध्ये उलटं होतं. हिवाळाभर संध्याकाळी साडेसातला लागणारा कॉल मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर तिकडे सकाळी नऊला वाजू लागतो. तोवर भाऊ कामावर पोचलेला असतो. गावाकडून सकाळी नऊला फोन करण्याची सवय असेल, तर हिवाळ्यात डॅलसला आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात. उन्हाळ्यात साडेदहा होतात, आणि लहान मूल असलेल्या घरात तेवढ्याने मामा, आत्यांची भेट हुकते.

लंडनसाठी एक जुनी गंमत सांगितली जाते. भारतीय वेळ दाखवणारं काट्यांचं घड्याळ उलटं धरा, लंडनची वेळ दिसते. रात्रीचे आठ वाजले असताना घड्याळ उलटं करा, काटे अडीच दाखवतात. हे खरंच जमतं, कारण फरक साडेपाच तासांचा असतो. पण मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर लंडनला तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. पाठ केलेल्या प्रत्येक युक्तीची हीच अडचण आहे.

फोनमध्ये शहर कसं लावायचं?

यासाठी नवं ॲप लागत नाही. फोनमधलं घड्याळाचं ॲप उघडा. सॅमसंग आणि आयफोनमध्ये World Clock हा भाग वेगळा दिसतो, इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो Clock या टॅबमध्येच असतो. तिथलं + चं चिन्ह दाबा, शहराचं नाव टाइप करा आणि यादीतून निवडा. मग होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून ठेवा, Widgets उघडा आणि घड्याळाच्या विजेटपैकी शहर किंवा दोन घड्याळं दाखवणारं ओढून आणा. आयफोनवर बोट दाबून ठेवल्यावर Edit मधून Add Widget निवडावं लागतं.

एकदा शहर लागलं की उन्हाळा-हिवाळ्याचा बदल फोन स्वतःच करतो. जगातल्या वेळेच्या नियमांची यादी फोनमध्येच साठवलेली असते. त्यामुळे शहर दिसण्यासाठी नेट लागत नाही, रेंज गेली तरी विजेट चालू राहतं.

कुठे फसतं?

पहिली चूक नावाची. मेलबर्न ऑस्ट्रेलियात आहे तसं अमेरिकेतल्या फ्लोरिडातही आहे. लंडन कॅनडातही आहे. शहर निवडताना नावापुढचा देश वाचा. गाव छोटं असेल आणि यादीत नसेल, तर त्याच वेळेतलं जवळचं मोठं शहर निवडा आणि ते बरोबर आहे का, हे तिथल्या माणसालाच एकदा विचारा. यादीत शहराऐवजी GMT किंवा EST असं काही दिसलं तर ते टाळा. त्यांचा फरक कायम एकच राहतो, काटा सरकला तरी ते सरकत नाहीत.

दुसरी चूक आपल्या घड्याळाची. उशीर होऊ नये म्हणून घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवण्याची अनेकांना सवय असते. तेच फोनमध्ये केलं तर फोन सगळ्या शहरांची वेळ त्या चुकीच्या वेळेवरून काढतो, आणि डॅलसही दहा मिनिटं पुढे पळतं. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

तिसरी चूक सकाळ-रात्रीची. फरक बारा तासांच्या जवळ असला की ८.३० हा आकडा फसवा ठरतो. ते सकाळचे की रात्रीचे? आजचे की कालचे? फोन २४ तासांच्या पद्धतीवर ठेवला तर २०.३० म्हणजे रात्र हे लगेच कळतं. शहराखाली Yesterday किंवा Tomorrow असं लिहिलेलं असतं, तेही वाचा. आयफोनच्या काट्यांच्या विजेटमध्ये दिवसा तबकडी पांढरी आणि रात्री काळी दिसते. वाचायचा कंटाळा करणाऱ्या आजी-आजोबांना ही खूण पुरते.

चौथी अडचण जुन्या फोनची. देश आपले नियम बदलतात. मेक्सिकोच्या बहुतांश भागाने २०२२ मध्ये घड्याळ सरकवणं बंद केलं. त्यानंतर एकही अपडेट न मिळालेला फोन तिथली वेळ उन्हाळ्यात एक तास चुकीची दाखवू शकतो. तपासायला सोपं आहे: गुगलवर time in आणि पुढे शहराचं नाव लिहून शोधा, आणि ती वेळ विजेटशी ताडून पाहा. दोन्हीत बरोबर एक तासाचा फरक दिसला, तर फोनचे नियम जुने झालेत.

विजेट काय सांगत नाही?

विजेट ‘आत्ता’ किती वाजलेत ते सांगतं. पुढच्या रविवारी किती वाजता फोन करायचा, हे सांगत नाही. भाऊबीजेसारखी गफलत त्यामुळेच होते. आठवडी कॉल ठरलेला असेल तर तो गुगल कॅलेंडरमध्ये नोंदवावा, आणि नोंद करताना Time zone मध्ये डॅलसची वेळ निवडावी. सकाळी आठ, दर रविवारी. मग हसनाबादच्या फोनवर आठवण आपोआप उन्हाळ्यात साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येईल. भारताची वेळ निवडून नोंद केली तर ती इथे जागची हलणार नाही, आणि तिकडे वर्षातून दोनदा तासभर सरकेल.

यावर आक्षेप येईल की गावाकडच्या आई-वडिलांनीच का बदलायचं? आक्षेप योग्य आहे. पण तिकडची शाळा, बस, कामाची पाळी हे सगळं तिथल्या घड्याळासोबत सरकतं. हसनाबादची संध्याकाळ साडेसहा ते साडेसातमध्ये तेवढी लवचीक असते. शिवाय आठवण फोनच देणार असेल, तर आई-वडिलांना काही लक्षात ठेवावं लागत नाही. ही नोंद करून देण्याचं काम मात्र परदेशातल्या मुला-मुलींचं.

आणखी एक गोष्ट घड्याळ दाखवत नाही, ती म्हणजे सुट्टी. आपला रविवार सगळीकडे सुट्टीचा नसतो. सौदी अरेबिया, कतार आणि कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. रविवारी सकाळी अकराला हसनाबादहून रियाधला फोन लावला तर तिथे साडेआठ वाजलेले असतात आणि कामाचा आठवडा नुकताच सुरू झालेला असतो. दुबईत मात्र २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी आहे. रात्रपाळी करणाऱ्या नर्सची किंवा गोदामातल्या कामगाराची झोपेची वेळही कुठल्याच विजेटमध्ये नसते. ती विचारूनच घ्यावी लागते.

सकाळी उठून ‘सुप्रभात’ पाठवणाऱ्यांनीही एवढं पाहावं: हसनाबादला सहा वाजतात तेव्हा लंडनला मध्यरात्रीचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात. शहर होम स्क्रीनवर असेल, तर मेसेज पाठवण्याआधी नजर आपोआप तिकडे जाते.