शेणखत चालतं, मग हे का नाही?

"शेणखत चालतं, मग मांजराची शी का नाही? आणि नागपूरचं ऊन आहे की, मे महिन्यात सगळं जाळून टाकतं!" गच्चीवर कंपोस्टची कुंडी ठेवणारे आमचे एक स्नेही परवा म्हणाले. त्याच कुंडीतलं खत त्यांच्या मेथीला जातं!

अहो, गाय आणि मांजर एक कसं? टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी फक्त मांजराच्या जातीच्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ओल्या मातीत ती वर्षभरही तग धरतात. आणि ४५ अंशांचं ऊन वरचा थर वाळवतं, आतला गोळा ओलाच राहतो. ढीग आतून काही दिवस ५५ अंशांच्या वर तापायला हवा, तोही उलटसुलट करून. बादलीएवढ्या कुंडीत तेवढी उष्णता टिकतच नाही. खात्री नसेल तर थर्मामीटर खुपसून बघा. खताला वास येत नाही म्हणजे ते निर्धोक झालं, हा तर निव्वळ भाबडेपणा.

बेंटोनाइटचं लिटर कुजतच नाही, ती मातीच. लाकडाच्या भुशाचं कुजतं, पण वापरलेलं असेल तर तेही कुंडीत नको.

मग करायचं काय? शी रोज उचला, कारण अंडी संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. गरोदर बाईने हे काम करू नये. कागदात गुंडाळून, पिशवीची गाठ मारून कचरागाडीत वेगळं द्या. ओल्या कचऱ्यात मुळीच नको, त्याचंही शेवटी खतच करायचं असतं ना!

स्नेह्यांची मेथीची जुडी आली आहे. मी ती कुंड्यांमागे ठेवून दिली.